नोव्हेंबरच्या अंकात ऑक्टोबरची बातमी

ज्येष्ठ नागरिक संघाचं मासिक वार्तापत्र महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आणि उपनगरांत ठरावीक साच्याचं असतं. चार पानं, दोन रकाने, वर संघाचं बोधचिन्ह, खाली ‘केवळ खासगी वितरणासाठी’. पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत, दुसऱ्यावर मागच्या महिन्यातल्या कार्यक्रमाचा वृत्तान्त, तिसऱ्यावर कविता आणि आरोग्याच्या चार गोष्टी, शेवटच्या पानावर वाढदिवस, श्रद्धांजली, देणगीदार आणि कार्यकारिणीची यादी. काढणारे संपादक सत्तरीचे, बिनपगारी, आणि अंक वेळेवर निघाला यातच निम्मं समाधान मानणारे. त्यांच्या हातचा अंक तपासायला कुणी घेतलाच, तर तो ऱ्हस्व-दीर्घ बघतो आणि परत देतो.

शुद्धलेखन निर्दोष असलेला अंकसुद्धा निकामी असू शकतो. तो कसा, हे पाहण्यासाठी एक अंक नमुन्यादाखल रचून पुढे घेतला आहे. संघ काल्पनिक आहे, चुका मात्र घरोघरच्या आहेत. महिना नोव्हेंबर २०२५. दीडशे प्रती झेरॉक्स करून घरोघर द्यायच्या आणि पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायची. मजकूर २२ ऑक्टोबरला बंद, अंक सभासदांच्या हाती १ ते ४ नोव्हेंबरच्या दरम्यान.

तपासणाऱ्याने सुरुवात वाचनापासून करू नये. संघाच्या कट्ट्यावर येणाऱ्या, पण कार्यकारिणीत नसलेल्या एखाद्या काकूंच्या हातात अंक द्यावा, एक मिनिट थांबावं आणि परत घ्यावा. मग दोनच गोष्टी विचाराव्यात. या महिन्यात काय आहे? आणि तुम्हाला काही करायचं आहे का? नमुना अंकावर याची उत्तरं साधारण अशी येतील: “अध्यक्षांनी काहीतरी लिहिलंय. फोटोत मी मागे उभी आहे. आणि वाढदिवसांत शेजारच्या भाऊंचं नाव आहे.” एका मिनिटात नजरेला जे सापडतं तेच त्यांनी सांगितलं. दोष वाचणारीचा नाही, मांडणीचा आहे.

मिनिटभराचं हे माप हवेतलं नाही. वाचताना डोळे नेमके कुठे टेकतात हे नोंदवणारी यंत्रं असतात. अमेरिकेतल्या निल्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेने त्यांच्या साहाय्याने ईमेलने येणारी वार्तापत्रं लोक कशी वाचतात याचा अभ्यास केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. वार्तापत्र उघडल्यावर माणूस त्याला सरासरी ५१ सेकंद देत होता. पूर्ण वाचली गेलेली वार्तापत्रं फक्त १९ टक्के होती. आणि सुरुवातीच्या प्रास्ताविकावर, जे सरासरी तीनच ओळींचं होतं, ६७ टक्के लोकांची नजर टेकलीसुद्धा नाही. हे आकडे ईमेलचे आहेत. घरी आलेला कागद ज्येष्ठ मंडळी जास्त वेळ हाताळतात, चहाबरोबर पुन्हा काढतात, हे खरं. पण प्रास्ताविक ओलांडून पुढे जाण्याची सवय कागदावरही सुटत नाही, आणि आपल्याकडे पहिलं पान नेमकं प्रास्ताविकालाच दिलेलं असतं.

नमुना अंकातली शीर्षकं क्रमाने अशी आहेत: ‘सस्नेह नमस्कार’, ‘संघवार्ता’, ‘काव्यकुंज’, ‘आरोग्यं धनसंपदा’, ‘निवेदन’, ‘विविध’. कानाला गोड आहेत, पण एकातूनही आत काय आहे ते कळत नाही. ‘निवेदन’ कसलं? ‘विविध’मध्ये आपल्या कामाचं काही आहे का? शीर्षकानेच बातमी सांगावी, म्हणजे मजकूर न वाचणाऱ्यालाही ती पोचते. ‘निवेदन’ऐवजी ‘हयातीचा दाखला: ११ नोव्हेंबरला सभागृहात’. ‘विविध’ऐवजी ‘डिसेंबरची सहल १४ तारखेला’. ‘काव्यकुंज’ खुशाल राहू द्यावं. कविता शोधणारा ती कुठेही शोधून काढतो.

देवनागरीची एक अडचण इथे लक्षात घ्यायला हवी. रोमन लिपीत मोठ्या अक्षरामुळे नाव आणि वार ओळीतून थोडे वर डोकावतात. आपल्याकडे शिरोरेखेखाली सगळं सारख्या उंचीचं, त्यामुळे परिच्छेदाच्या पोटातली तारीख नजरेला लागतच नाही. ती ठळक तरी करावी लागते किंवा स्वतंत्र ओळीत आणावी लागते. मात्र नमुना अंकात उत्साहाच्या भरात प्रत्येक पाहुण्याचं नाव, प्रत्येक देणगीदार आणि ‘हार्दिक अभिनंदन’ हे सगळंच ठळक केलेलं आहे, त्यामुळे त्या गर्दीत तारीख पुन्हा हरवली. ठळक अक्षर फक्त तारीख, वेळ आणि जागा यांनाच राखून ठेवलं, तर वाचणाऱ्याच्या डोळ्याला दोन अंकांत सवय लागते.

रंगाचंही तसंच. संगणकावर लाल दिसणारं शीर्षक काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये करडं होतं, म्हणजे महत्त्वाचं म्हणून रंगवलेलंच सगळ्यात फिकं उमटतं. तपासणी पडद्यावर न करता झेरॉक्सच्या प्रतीवर करावी, हे एवढ्यासाठीच. फोनसाठी आणखी एक हिशेब. ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद आणि फोनचा पडदा साधारण सात. म्हणजे ११ पॉइंटचं अक्षर पडद्यावर चार पॉइंटपेक्षाही लहान दिसतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा व्हायच्या असलेल्या वाचकवर्गापुढे आपण हे ठेवतो आणि वर म्हणतो की हल्ली लोक वाचत नाहीत. उपाय सोपा आहे. फोनसाठी पीडीएफ वेगळी करावी, एकाच रकान्याची आणि मोठ्या अक्षराची.

आता शिळेपणा. इथे तपासणाऱ्याने लाल पेन घ्यावा आणि प्रत्येक मजकुरासमोर समासात दोन तारखा लिहाव्यात. पहिली, ती गोष्ट घडली कधी किंवा घडणार कधी. दुसरी, अंक शेवटच्या सभासदाच्या हाती पडणार कधी. इथे ४ नोव्हेंबर. संपादक मजकूर २२ ऑक्टोबरला लिहितात आणि त्यांच्या डोक्यात ‘आज’ म्हणजे २२ ऑक्टोबर असतो. वाचणाऱ्याचा आज तेरा दिवस पुढे आहे. बहुतेक शिळेपणा या तेरा दिवसांत तयार होतो.

पहिलंच उदाहरण अध्यक्षांच्या मनोगताचं. त्यात ‘येणारी दिवाळी आपणा सर्वांना सुखाची जावो’ असं आहे. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. अंक हाती येईपर्यंत फराळाचे डबे रिकामे झाले होते. चूक कुठून आली तेही दिसतं. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, तेव्हा हेच वाक्य वेळेवर होतं. यंदा फाइल उघडून साल तेवढं बदललं. तिथीने येणारे सण दरवर्षी सरकतात, त्यामुळे जुना मजकूर पुन्हा वापरताना आधी कॅलेंडर काढावं.

‘येत्या रविवारी’, ‘नुकताच’, ‘पुढील आठवड्यात’, ‘लवकरच’ या शब्दांभोवती तपासणाऱ्याने गोल करावा. घरोघर अंक वाटायला चार दिवस लागतात, तेव्हा ‘येता रविवार’ दोघांसाठी दोन निघू शकतात. तारीख, वार आणि साल तिन्ही लिहावं. साल कशाला, असं वाटेल. पण व्हॉट्सॲपवरची सूचना मरत नाही. पुढच्या वर्षी कुणीतरी ती सदिच्छेने पुढे पाठवतो आणि आठ-दहा जण बंद सभागृहाच्या दारात उभे राहतात.

दुसऱ्या पानावरचा वृत्तान्त हा खरा कसोटीचा प्रसंग. १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये तो ठरवला, १९९१ पासून तो पाळला जातो, आणि आपल्याकडचे संघ तो हौसेने करतात. नमुना अंकात त्याचा वृत्तान्त पाऊण पान आहे. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं भाषण, ज्येष्ठांचा सत्कार, आभारप्रदर्शन, अल्पोपाहार. ज्या क्रमाने कार्यक्रम झाला त्याच क्रमाने लिहिलेला. हे सगळं सभासदांनी एकतर प्रत्यक्ष पाहिलं किंवा त्याच संध्याकाळी फोनवर फोटोंत पाहिलं. ४ नोव्हेंबरला ही बातमी चौतीस दिवसांची झालेली असते.

आणि तरी त्या पाऊण पानात एक ताजी बातमी दडलेली आहे. आभारप्रदर्शनाच्या आधीच्या वाक्यात म्हटलंय की पाहुण्या डॉक्टरांनी संघाच्या सभासदांसाठी नेत्रतपासणी करून देण्याचं मान्य केलं. कधी? कार्यवाहांना विचारलं तर ते सांगतात, “ठरलंय की, २३ नोव्हेंबर, रविवार.” म्हणजे होऊन गेलेल्या कार्यक्रमाच्या पोटात होणारा कार्यक्रम आहे आणि संपादकांच्या लक्षात आलेला नाही. वृत्तान्त तपासताना म्हणून एवढंच शोधावं: यातलं काय अजून पुढे घडायचं आहे? ते वर काढलं की बाकीचं असं आटतं:

“नेत्रतपासणी रविवार, २३ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी १० वाजता, संघाच्या सभागृहात. ज्येष्ठ नागरिक दिनाच्या कार्यक्रमात पाहुण्या डॉक्टरांनी दिलेला शब्द त्या पाळत आहेत. त्या दिवशी पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्या सभासदांचा सत्कार झाला. त्यांची नावं पान ४ वर.”

सत्कारमूर्तींची नावं काढायची नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. तिथे तपासणारे उत्साहात घोटाळा करतात. बातमी शिळी होते, नोंद होत नाही. श्रद्धांजली, सत्कार, देणगीदारांची यादी या नोंदी आहेत. त्या एकदा छापून याव्यात, नावं अचूक असावीत, एवढीच त्यांची मागणी असते, आणि घरचे ती प्रत जपून ठेवतात. दीपप्रज्वलनाचा तपशील मात्र संघाच्या कार्यवृत्ताच्या वहीत शोभतो. वाढदिवसांचं तर उलटंच आहे. ते वेळेचे पक्के गुलाम. अंक ४ तारखेला पोचणार असेल, तर १ ते ४ नोव्हेंबरचे वाढदिवस ऑक्टोबरच्या अंकात जायला हवे होते. नोव्हेंबरच्या अंकात यादी ५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर अशी घ्यावी. महिन्याची हद्द कॅलेंडरची असते, वाटपाची नाही.

सगळ्यात धोकादायक शिळेपणा मात्र कुणाच्या नजरेलाच पडत नाही. तो शेवटच्या पानावरच्या कायमच्या चौकटीत असतो: कार्यालयाची वेळ, वर्गणी, पदाधिकाऱ्यांचे फोन. ही चौकट दर महिन्याला जशीच्या तशी उचलली जाते. नमुना अंकात खजिनदार म्हणून ज्यांचा नंबर आहे त्यांनी जूनमध्ये पद सोडलं, आणि वर्गणीचा आकडा गेल्या वर्षीचा आहे. चौकट वाचून तपासता येत नाही, कारण डोळ्याला ती पाठ झालेली असते. प्रत्येक नंबर फिरवून पाहावा लागतो. पाच फोन, दहा मिनिटं.

उरला तिसरा भाग, आणि तोच सगळ्यात अवघड, कारण तिथे माणसं दुखावतात. तपासणाऱ्याने अंकातल्या प्रत्येक विनंतीखाली रेघ मारावी. ‘करावे’, ‘द्यावे’, ‘उपस्थित राहावे’, ‘लाभ घ्यावा’, ‘सहकार्य करावे’ अशी क्रियापदं शोधली की त्या आपोआप सापडतात. नमुना अंकात सात निघाल्या: वर्गणी भरा, सहलीची नावं द्या, हयातीच्या दाखल्याच्या शिबिराला या, नेत्रतपासणीला या, वाचनालयाची पुस्तकं परत करा, पुढच्या अंकासाठी साहित्य पाठवा, सभागृहातले पंखे बंद करून जा. सातही विनंत्या सारख्याच नम्र, सारख्याच आकाराच्या अक्षरात. वाचणारा सात कामं करत नाही. तो अंक घडी करून टीपॉयवर ठेवतो.

यातलं एकच वर काढायचं तर निकष दोन. कुठल्या कामाची मुदत पुढचा अंक निघण्याआधी संपते? आणि ते राहून गेलं तर सभासदाचं काय जातं? पंखे, पुस्तकं, साहित्य लगेच बाजूला पडतात. वर्गणी डिसेंबरातही चालेल. सहल १४ डिसेंबरला आहे आणि बस भरायची घाई आयोजकांना आहे, सभासदाला नाही. नेत्रतपासणी चुकली तर पुन्हा करता येते. हयातीच्या दाखल्याचं तसं नाही. केंद्र आणि राज्य सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांनी तो नोव्हेंबरात द्यायचा असतो, आणि दिला नाही तर निवृत्तिवेतन थांबतं. नोव्हेंबरच्या अंकातलं एक काम म्हणजे हेच.

त्याची नमुना अंकातली सूचना तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे: “सर्व निवृत्तिवेतनधारक सभासदांनी आपला हयातीचा दाखला विहित मुदतीत सादर करावा व संघाने आयोजित केलेल्या शिबिराचा लाभ घ्यावा, ही विनंती.” वाक्यात एकही चूक नाही. पण विहित मुदत म्हणजे कधी, शिबिर कुठे, किती वाजता, सोबत काय आणायचं, नाव कुणाकडे द्यायचं, यातलं काहीच नाही. आणि ‘सर्व’ हा शब्द चुकीचा आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेतून ज्यांना निवृत्तिवेतन मिळतं, ते दाखला वर्षात केव्हाही देऊ शकतात आणि दिलेल्या तारखेपासून तो वर्षभर चालतो. गेल्या मार्चमध्ये दाखला दिलेल्या काकांना या सूचनेने उगाच रांगेत उभं केलं असतं. मुदतीतही एक मेख आहे. ३० नोव्हेंबर २०२५ हा रविवार. बँकेत जाऊन दाखला देणाऱ्यासाठी शेवटचा दिवस शनिवार २९. शनिवारी बँक बंद असेल असं वाटेल, पण सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी असते. हा पाचवा आहे.

शिबिराची सोय किती जणांना पुरेल तेही सूचनेआधीच मोजायला हवं. डिजिटल दाखला आता फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखूनही निघतो. ही सोय २०२१ मध्ये आली. एका माणसाला दहा मिनिटं धरली, तर दोन फोनवर तीन तासांत छत्तीस जणांचं काम होईल. दीडशे सभासदांना नुसतं ‘या’ म्हटलं आणि सत्तर आले, तर निम्मे वैतागून परत जातील. म्हणून विनंती ‘शिबिराला या’ अशी नको, ‘फोन करून वेळ घ्या’ अशी हवी. हे पाहिल्यावर चौकट अशी बसते:

“या महिन्याचं एक काम
हयातीचा दाखला: शनिवार ८ नोव्हेंबरपर्यंत फोन करून आपली वेळ ठरवा.
कुणासाठी: केंद्र व राज्य सरकारचे निवृत्तिवेतनधारक. (ईपीएस-९५ असेल तर मागचा दाखला कोणत्या तारखेचा, ते पाहा, वर्ष झालं नसेल तर घाई नाही.)
शिबिर: मंगळवार ११ नोव्हेंबर २०२५, सकाळी १० ते १, संघाचं सभागृह.
सोबत आणा: आधार कार्ड, पीपीओ क्रमांक, बँकेचं पासबुक आणि तुमचा फोन. फोनवर संदेश येतो, म्हणून तो चार्ज केलेला असावा.
संघ फोन करून ओटीपी विचारणार नाही. कुणी विचारला तर सांगू नका.”

खाली एकच नाव, एकच नंबर. दोन नंबर दिले की दोन याद्या होतात आणि सव्वादहाच्या वेळेला दोघं येतात. ओटीपीची ओळ काहींना अवांतर वाटेल. ती ठेवावी, कारण या महिन्यात दाखल्याच्या नावाने ठगांचे फोन येतात.

चौकट पहिल्या पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात जावी. तिथे अध्यक्षांचं मनोगत आहे, आणि इथे सभेत आवाज चढतात. “अहो, अध्यक्षांचं मनोगत दुसऱ्या पानावर? बरं दिसेल का ते?” मार्ग आहे. मनोगत पहिल्या पानावरच, पण चौकटीखाली आणि शंभर शब्दांत. आणि अध्यक्षांनाच विनंती करावी की मनोगतात या एकाच कामाबद्दल लिहा. बहुतेक अध्यक्ष खूश होतात, कारण एरवी दर महिन्याला विषय शोधणं हीच त्यांची डोकेदुखी असते. बाकीच्या सहा विनंत्या फेकायच्या नाहीत. सहल आणि नेत्रतपासणी ‘तारखा’ या छोट्या तक्त्यात जातात, पंखे आणि पुस्तकं सभागृहाच्या फळ्यावर.

गटावर अंक टाकतानाचा संदेशही तपासणीत धरावा, कारण पुष्कळांचं वाचन तिथेच संपतं. ‘नोव्हेंबर अंक सोबत जोडला आहे, कृपया वाचावा’ याने काहीच साधत नाही. त्याऐवजी:

```
*हयातीचा दाखला: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार*
८ तारखेपर्यंत फोन करून वेळ घ्या.
काय आणायचं ते अंकाच्या पहिल्या पानावर.
```

ओळीच्या दोन्ही टोकांना फुलीचं चिन्ह अक्षराला चिकटवून दिलं की व्हॉट्सॲपवर ती ठळक होते. मध्ये जागा सोडली तर होत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असावा. जुन्या फॉन्टमधला उतारा गटावर चिकटवला की अनोळखी खुणांची रांग उमटते.

एक काम वर काढण्याची ही रीत दर महिन्याला बसेलच असं नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना संघाच्या घटनेत सांगितलेल्या मुदतीत आणि पूर्ण विषयपत्रिकेसह द्यावी लागते. तिला चौकटीत कोंबू नये, स्वतंत्र पान द्यावं. एखाद्या महिन्यात खरंच काही काम नसेल, तर ओढूनताणून शोधूही नये.

तपासणी उपयोगी पडली का, हे ज्यांचा नंबर छापला त्यांच्याकडे कळतं. त्यांनी फोनशेजारी वही ठेवावी. ‘किती वाजताची वेळ मिळेल?’ असं विचारणारे फोन म्हणजे चौकट वाचली गेली. ‘शिबिर कधी आहे हो?’ असं विचारणारे फोन आले, तर ती तारीख अजून नजरेला लागत नाही. अक्षर वाढवावं किंवा जागा बदलावी.

आणि १२ नोव्हेंबरला ही चौकट फाइलमधून पुसून टाकावी, नाहीतर डिसेंबरच्या अंकात ती जशीच्या तशी उतरते. तिच्या जागी किती जणांचे दाखले गेले ती ओळ, आणि तिच्याखाली ज्यांचा राहिला त्यांच्यासाठी एक: दाखला उशिरा दिला तरी चालतो, थांबलेलं निवृत्तिवेतन थकबाकीसह मिळतं, उद्याच बँकेत जा.